एकाच पेपरात दोन पेन, दोन अक्षरं: संशय नेमका कशावर घ्यायचा?

"सर, मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते, यंदा पहिल्यांदाच बारावी बोर्डाचे पेपर तपासायला आलेत. एका पेपरात पहिली आठ पानं निळ्या बॉलपेनने, बारीक तिरकं अक्षर, आणि नवव्या पानापासून एकदम काळं जेल पेन आणि मोठं गोल अक्षर. मी चक्रावलेच. परत पहिल्यापासून बघितलं तर प्रश्न दोनमधल्या दोन उत्तरांचा निळा रंगही जरा वेगळा वाटला, पण ते माझं मन असेल. रिपोर्ट केला तर पोराचं वर्ष जाईल, नाही केला तर उद्या माझ्यावरच येईल. स्टाफरूममधे एक सर म्हणतात दुर्लक्ष करा, एक मॅडम म्हणतात सरळ शून्य द्या. काय करू?" – एक परीक्षक, मराठवाडा

मॅडम, तुमची नजर ज्या नवव्या पानावर अडकली ते पान मला फारसं काळजीचं वाटत नाहीये, आणि जे तुम्ही "माझं मन असेल" म्हणून सोडून देताय ती प्रश्न दोनमधली दोन उत्तरं मात्र शांतपणे बसून बघायला हवीत. नवीन परीक्षकांचं बहुतेक वेळा असंच होतं, जो बदल मोठा आणि ढळढळीत असतो त्यावर संशय जातो आणि जो बारीक, त्याच रंगात लपलेला असतो तो सुटतो. आणि तुम्हीच विचार करा, ज्याला कुणाला दुसऱ्याच्या पेपरात चार ओळी घुसडायच्यात तो काळं जेल पेन कशाला घेईल, तो आधीच्या रंगाच्या जवळातला जवळचा पेन शोधेल ना.

आधी पेनाचं बोलू. नुसता पेन बदलला यावरून जवळजवळ काहीच कळत नाही. बोर्डाला निळा चालतो, काळा चालतो, तीन तासांच्या पेपरात रिफिल संपते, पेन खाली पडून टोक बसतं, शेजारच्याकडून किंवा पर्यवेक्षकांकडून पेन मागून घेतला जातो, काही मुलं मुद्दाम दोन पेन ठेवतात, हेडिंग काळ्याने उत्तर निळ्याने. म्हणून आधी बघायचं ते बदल कुठे झालाय ते. आठव्या पानाच्या शेवटच्या पाच-सहा ओळी बघा, रेघ तुटक होत गेलीय का, काही अक्षरं दोनदा गिरवलीत का, समासात किंवा मागच्या पानावर पेन चालतोय का बघायला मारलेल्या गोल गोल रेघा आहेत का. हे सगळं असेल तर रिफिल संपल्याची गोष्ट त्या पानावरच लिहिलेली आहे. आणि बदल वाक्याच्या किंवा गणिताच्या मधोमध झाला असेल तर ते उलट चांगलं लक्षण समजा, म्हणजे निळ्यात सूत्र मांडलंय, किमती घालायला सुरुवात केलीय आणि पुढची पायरी काळ्यात आहे आणि विचार सलग चाललाय. दुसरा माणूस सहसा मधून सुरू करत नाही, तो रिकाम्या जागेत सुरू करतो.

आता तुम्ही म्हणाल की पेन ठीक आहे हो सर, पण अक्षरच बदललंय त्याचं काय. तर अक्षराचं असं आहे की त्याचं दिसणं आणि त्याची घडण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकार, जाडी, गोलपणा, ओळ वर-खाली जाणं, थोडाफार तिरकेपणा, हे सगळं एकाच मुलाचं एकाच पेपरात बदलू शकतं. बॉलपेनला दाब द्यावा लागतो, त्यामुळे अक्षर आवळून, बारीक येतं, जेल पेन घसरतो त्यामुळे तेच अक्षर पसरतं. तिसऱ्या तासाला बोटं दुखायला लागली की अक्षर मोठं होतं, शब्दांमधली जागा वाढते, जोडून लिहिलेली अक्षरं सुटी सुटी व्हायला लागतात. खालचा कागदही फरक पाडतो, हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. मुख्य उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानाखाली पानांची गादी असते, बॉलपेन त्यात रुततो आणि रेघ जाड गडद येते, तीच पुरवणी सुटी घेऊन थेट बाकाच्या लाकडावर ठेवून लिहिली की रेघ बारीक आणि थरथरती येते. पहिल्या आठ पानांवर तुमचा मुलगा ताजातवाना होता, बॉलपेन होता, नंतर जेल आलं आणि घाईही आली. अक्षर मोठं गोल होणं हे अगदी अपेक्षित आहे.

घडण मात्र इतक्या सहज बदलत नाही, कारण ती हाताला सवयीने लागलेली असते आणि लिहिणाऱ्याला स्वतःलाही ती माहीत नसते. म्हणून तुलना करताना शब्द वाचू नका, तुकडे बघा. बारावी फिजिक्सचा पेपर यासाठी सोपा आहे कारण त्यात आकडे आणि चिन्हं भरपूर, आणि गणित सोडवताना कुणी अक्षर सुंदर काढायच्या मागे नसतं. आठव्या आणि दहाव्या पानावरचं एकेक गणित शेजारी शेजारी धरा. चारचा आकडा वरून उघडा आहे की मिटलेला. सातच्या पोटात आडवी रेघ आहे का. आठ एका झटक्यात वेटोळं मारून काढलाय की दोन गोल एकावर एक. λ ची लांब रेघ आधी की छोटी, μ ची शेपटी किती खाली उतरते, θ मधली रेघ बाहेर येते का. बरोबरच्या चिन्हाच्या दोन रेघा समांतर आहेत की एका बाजूला मिटत जातात. अपूर्णांकाची रेघ आधी मारून मग वर-खाली लिहितो की लिहून झाल्यावर मारतो, हे रेघेच्या लांबीवरून कळतं, आधी मारणाऱ्याची रेघ बरेचदा लांब उरते किंवा कमी पडते. दहाचा घात लिहिताना तो किती वर चढवतो. एकक किमतीला चिकटून लिहितो की जागा सोडून. समास किती सोडतो, उत्तराखाली एक रेघ मारतो की दोन, खोडताना एक सरळ काट मारतो की गिचमिड करतो.

मी नियामक असताना, म्हणजे परीक्षकांनी तपासलेले पेपर परत बघायचं काम माझ्याकडे असताना, एक परीक्षक असाच पेपर घेऊन आले होते, अर्धा निळा अर्धा काळा, अक्षर बघून कुणीही म्हटलं असतं की दोन पोरांनी लिहिलाय. आम्ही नुसते आकडे बघत बसलो. दोन्ही भागांत पाचच्या डोक्यावरची रेघ पाचला टेकतच नव्हती, हवेत सुटी, उजवीकडे सरकलेली, आणि प्रत्येक अंतिम उत्तराला चौकट होती जिचा खालचा डावा कोपरा उघडा राहिलेला. निळ्यातही तेच, काळ्यातही तेच. रंग, आकार, तिरकेपणा सगळं वेगळं असूनही हात एकच आहे असं मानायला तेवढं पुरेसं होतं, आणि पेपर नेहमीसारखा तपासला गेला. तुमच्या नवव्या पानाच्या बाबतीत असे चार-पाच तुकडे जुळले, आणि बदल उत्तराच्या ओघात झालेला दिसला, तर ते पान डोक्यातून काढून टाका.

एक मात्र आहे, काळं अक्षर जर नेमकं पुरवणीपासून सुरू होत असेल आणि घडणही जुळत नसेल, तर आधी पुरवणी त्याच मुलाची आहे का ते बघा. हॉलमधे शेवटच्या पाच मिनिटांत दोरे बांधण्याची झुंबड उडते आणि एकाची पुरवणी दुसऱ्याला बांधली जाणं शक्य असतं. प्रश्नक्रमांकांवरून कळतं, मुख्य पेपरात सोडवलेला प्रश्न पुरवणीत परत पहिल्यापासून सोडवलाय, किंवा अर्ध्यावर सुटलेलं उत्तर पुरवणीत पुढे चालूच होत नाही. असं दिसलं तर ती गोष्टच वेगळी, तेही नियामकांना दाखवायचं, पण त्यात कुणी दुसऱ्यासाठी लिहिलंय असं काही नसतं. आणि लेखनिक घेतलेला मुलगा असेल तर अख्खा पेपरच दुसऱ्याच्या हातचा असणार, तो त्याचा हक्क आहे, त्याची नोंद केंद्राकडे असते, त्यामुळे तशी शंका आली तर नियामकांना विचारून घ्यायचं, स्वतः तर्क करायचा नाही.

आता प्रश्न दोनवर येऊ, कारण खरा विचार इथे आहे. पॅटर्न तुम्हाला पाठ आहे, तरी इतर वाचकांसाठी सांगतो, ७० मार्कांच्या या पेपरात प्रश्न एकमधे १० बहुपर्यायी प्रश्न आणि प्रश्न दोनमधे अतिशय छोट्या उत्तरांचे ८ प्रश्न, प्रत्येकी एक मार्क. म्हणजे हे १८ मार्क असे आहेत की ज्यात एखादा शब्द, एखादी ओळ, एखादं सूत्र लिहिलं की मार्क मिळतो. कुणाला दुसऱ्याच्या पेपरात भर घालायची असेल तर सगळ्यात सोपी जागा हीच, कमी लिहायचं, कमी जागेत बसतं आणि कमी अक्षर सापडतं. पण याच्या बरोबर उलटंही खरं आहे, मुलं स्वतःच इथे जागा सोडून पुढे जातात आणि आठवलं की परत येऊन लिहितात. त्यामुळे सोडलेल्या जागेत नंतर लिहिलेलं आहे एवढ्यावरून काही म्हणू नका.

मग काय बघायचं? पहिलं म्हणजे जागा. ही दोन उत्तरं आधीच्या आणि नंतरच्या उत्तरांच्या मधे सहज बसलीत की कोंबलीत? मुलगा जेव्हा स्वतः जागा सोडतो तेव्हा क्रमांक लिहून दोन-तीन ओळी सोडतो, म्हणजे क्रमांक त्याच्या हातचा आणि आधीच्याच शाईत असतो आणि उत्तर नंतरचं. क्रमांकसुद्धा नवीन शाईत असेल आणि तो समासात नेहमीच्या रेषेत नसेल तर त्याची नोंद करा. दुसरं, पेनाचा क्रम. मुलगा नवव्या पानापासून काळ्यावर गेला आणि शेवटपर्यंत काळाच राहिला, तर शेवटी मागे येऊन भरलेली उत्तरं काळ्यात असायला हवी होती. ती निळ्यात आहेत, आणि तीही पहिल्या निळ्यापेक्षा वेगळ्या निळ्यात. हे विचार करण्यासारखं आहे, पुरावा मात्र नाही, कारण त्याने शेवटी शेजाऱ्याचा निळा घेतलेला असू शकतो. तिसरं, पान उलटून मागून बघा, बोट फिरवा. बॉलपेनचा दाब मागे उमटतो. आजूबाजूच्या उत्तरांचा दाब मागे स्पष्ट लागतोय आणि या दोन ओळींचा अजिबात नाही, असं असेल तर पेन किंवा हात बदललाय, आणि दोन्हीपैकी काय ते बोटाने कळत नाही.

शाईच्या छटेवर फार विसंबू नका. एकाच पेनाची रेघ दाब आणि कागदाखालच्या गादीप्रमाणे फिकट गडद दिसते, ट्यूबलाइटखाली एक आणि खिडकीत दुसरी दिसते. आणि उलट, डोळ्यांना हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या दोन निळ्या शाया प्रयोगशाळेत इन्फ्रारेड प्रकाशात वेगळ्या निघू शकतात. म्हणजे आपल्याला फरक दिसला यावरून पेन दोन आहेत असं नक्की होत नाही आणि फरक दिसला नाही यावरून पेन एकच आहे असंही होत नाही. दिवसा खिडकीशी बसून बघा आणि जे दिसलं तेवढंच लिहा.

राहिली घडण. इथे तुमची अडचण अशी की नमुनाच लहान आहे. दोन उत्तरं म्हणजे मिळून दहा-पंधरा शब्द. नवव्या पानासाठी तुमच्याकडे पानंच्या पानं होती, इथे एक चार, दोन टी, एखादं λ. एवढ्या मजकुरावर कसलेला हस्ताक्षर तज्ज्ञही मत देताना हात राखून देईल, आणि तोसुद्धा मूळ नमुने मागून, मुलाकडून आणि इतरांकडून लिहून घेऊन, भिंगाखाली बघून. कोर्टातही तज्ज्ञाचं मत हा एक पुरावा म्हणून बघितला जातो, तोच निकाल नसतो. तर आपण टेबलाशी बसून "हे दुसऱ्याचंच अक्षर आहे" म्हणणं बरोबर नाही. "आजूबाजूच्या लिखाणापेक्षा वेगळं दिसतं" इथपर्यंत आपला अधिकार आणि इथपर्यंतच आपली नजर.

पण एक गोष्ट तुम्ही करू शकता जी तज्ज्ञाला एकटा पेपर हातात घेऊन करता येणार नाही, ती म्हणजे पूर्ण गठ्ठा बघणं. एका पेपरात काय आहे यापेक्षा तेच दहा पेपरांत आहे का, यातून खूप जास्त कळतं. या पेपरच्या मागचे-पुढचे पेपर काढा, प्रश्न एक आणि दोन उघडून ठेवा, आणि तोच चार, तोच तिरकेपणा, तीच निळी शाई दुसऱ्या मुलांच्या पेपरात, त्याच प्रश्नांना दिसते का बघा. एका पेपरात वेगळ्या दिसणाऱ्या दोन ओळींची शंभर साधी कारणं असू शकतात, पण वेगवेगळ्या मुलांच्या पेपरात एकच तिसरं अक्षर फिरताना दिसलं तर त्यातली बहुतेक कारणं गळून पडतात.

आणि इथेच तुम्हाला २०२३ ची आठवण करून देतो, तुमच्या भागातच झालंय. त्या वर्षीच्या बारावीच्या परीक्षेत छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळाकडे फिजिक्सच्या ३७२ उत्तरपत्रिका अशा निघाल्या की ज्यात मुलांच्या अक्षराशिवाय दुसरं अक्षर होतं. नोटिसा मुलांना गेल्या, पोरं आई-वडिलांना घेऊन मंडळात सुनावणीला आली, आणि हे आम्ही लिहिलेलं नाही असं सांगत राहिली. आणि पुढे पोलिसात गुन्हा दाखल झाला तो दोन शिक्षकांवर. गुन्हा दाखल होणं आणि सिद्ध होणं यात फरक आहे, त्यावर मी बोलत नाही, पण आपल्या कामासाठी त्यातून जे घ्यायचं ते साफ आहे. पेपरात दुसरं अक्षर आहे यावरून ते कुणी लिहिलं हे कळत नाही, कधी लिहिलं हे कळत नाही, आणि ज्याचा पेपर आहे त्याला ते माहीत होतं का, हे तर मुळीच कळत नाही. पेपर मुलाच्या हातून सुटल्यावर पर्यवेक्षक, केंद्रसंचालक, परीरक्षक, परीक्षक, नियामक अशा किती हातांतून जातो ते तुम्ही आता स्वतः बघताय. शाईवर तारीख नसते, परीक्षेच्या हॉलमधली निळी आणि पुढच्या आठवड्यातल्या एखाद्या घरातली निळी डोळ्याला सारखीच.

म्हणून स्टाफरूममधल्या मॅडमचं "सरळ शून्य द्या" मला अजिबात पटत नाही. शून्य देणं म्हणजे चौकशी, सुनावणी, निकाल सगळं लाल पेनाने एका फटक्यात करून टाकणं, तेही त्या मुलाला एक शब्द न विचारता. आणि सरांचं "दुर्लक्ष करा" हेही तेवढंच वाईट, कारण कुणी मुलाच्या पेपरात त्याच्या नकळत लिहिलं असेल तर ते सापडण्याची जागा तुमचं टेबलच आहे, आणि पुढे कुणी विचारलं की हा पेपर तुमच्या ताब्यात असताना तुम्हाला दिसलं नाही का, तर उत्तर द्यायला तुमच्याकडे कागद नसेल.

कागद करा. पण त्याआधी त्या पानांवर काहीही करू नका, संशयाच्या ओळींखाली रेघ नको, प्रश्नचिन्ह नको, समासात शेरा नको, कारण नंतर कुणी तपासायचं ठरवलं तर त्या ओळी जशाच्या तशा राहायला हव्यात. मोबाइलवर फोटोही काढू नका, पेपर गोपनीय आहे आणि फोटो एकदा ग्रुपवर गेला की तो मुलगा गावभर चोर ठरतो. त्या दोन उत्तरांना मार्क द्यायचे की थांबायचं हे नियामकांना विचारून ठरवा, आणि ते जे सांगतील ते तुमच्या नोंदीत लिहा.

नोंद कशी लिहायची ते लिहून देतो, कारण इथेच लोक घसरतात. "विद्यार्थ्याने दुसऱ्याकडून उत्तरे लिहून घेतली आहेत" असं लिहू नका, तुम्ही ते बघितलेलं नाही. असं लिहा: "बारकोड क्रमांक अमुक. पान दोन, प्रश्न २ मधील उपप्रश्न तीन व सहा यांची उत्तरे आजूबाजूच्या उत्तरांपेक्षा वेगळ्या छटेच्या निळ्या शाईत दिसतात. उपप्रश्न सहाचा क्रमांक समासाच्या नेहमीच्या रेषेत नाही. चार या आकड्याची घडण पान एक ते आठवरील चारपेक्षा वेगळी दिसते. पान नऊपासून शाई काळी आहे, परंतु आकड्यांची घडण आधीच्या पानांशी जुळते. गठ्ठ्यातील अमुक बारकोडच्या उत्तरपत्रिकांत याच प्रश्नांना असे लेखन आढळले," किंवा "आढळले नाही. पुढील निर्णयासाठी सादर." उपप्रश्नांचे क्रमांक, पानं, तुम्हाला जे दिसलं त्याप्रमाणे बदला. नवव्या पानाचं वाक्य मुद्दाम ठेवा, मुलाच्या बाजूचं जे दिसलं तेही त्याच कागदावर असू दे, नाहीतर वरचा माणूस पेपर उघडतो, काळी पानं बघतो आणि तिथेच मत बनवतो.

आणि वर्ष जाण्याची तुमची भीती मी समजू शकतो, पण तुमची ही नोंद म्हणजे शिक्षा नव्हे, त्यावरून मंडळ मुलाला बोलावतं, पेपर समोर ठेवतं, विचारतं, त्याला आपलं म्हणणं मांडता येतं. तिथे त्याला सगळ्यात जास्त उपयोग होईल तो असा कागद, ज्यात ओळखीने किंवा रागाने काही लिहिलेलं नाही आणि जे दिसलं ते पान-ओळीसकट आहे. पेपर गठ्ठ्यातून वेगळा काढून बंद पाकिटात नियामकांच्या हातात द्या, कुणा शिपायाबरोबर पाठवू नका, नोंदीच्या दोन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर त्यांची तारखेसह सही घ्या. ते म्हणाले की राहू द्या मॅडम, एवढं काही नाही, तरी सही मागा.